पुढचं डावं चाक

मला टायर वाचता येतो, असं मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. मंगरूळपीरच्या रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत मी त्याला सांगायचो, की तुमची हवा कमी असते, किंवा तुमची अलाइनमेंट गेली. लोक चाट पडायचे. मला ते आवडायचं, आणि आवडायचं ते लपवायची अक्कलही मला नव्हती.

खरं तर त्यात जादू काही नाही. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी. मधोमध टक्कल आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. एकच कड खाल्ली तर चाक वाकडं उभं आहे. नक्षीवर हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने बोटांना धार लागली, तर दोन्ही चाकं सरळ न चालता रस्त्यावर फरफटत चाललीत. आणि टायरवर जागोजागी वाटीसारखे खड्डे पडले, खड्डा-उंचवटा-खड्डा असा, तर चाक रस्त्यावर टेकून चालत नाही, उड्या मारत चालतं. त्याला आम्ही कप पडणं म्हणतो. चाकाचं बॅलन्स गेलं किंवा बेअरिंग ढिलं झालं तरी पडतात, पण दहातल्या आठ गाड्यांना शॉकअप मेलेला असतो. स्प्रिंग चाकाला उसळवते, शॉकअप त्या उसळीला धरून ठेवतो. तो मेला की धरणारं कोणी नाही.

हे सगळं मला पाठ होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर मला कोणी म्हणालं, की तुला कुठं माहीत होतं, तर ते खोटं आहे.

माझा मोठा भाऊ गावात भाजीपाला करतो. दीड एकर मळा, विहिरीला बारमाही पाणी. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, बाहेरच्यांना ते ऐकून इडली आठवते. दादाकडे एक जुनी पिकअप गाडी होती. पहाटे माल भरायचा, वहिनीला शेजारी बसवायचं आणि कारंज्याचा बाजार गाठायचा, दुपारी रिकामी गाडी घेऊन परत यायचं. वहिनी सोबत जायची ती माल विकायला, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की तिचं दुसरं काम दादाला जागं ठेवायचं होतं. रात्री तीनला उठलेला माणूस दुपारी परत येताना डुलक्या घेणारच. वहिनी सारखी बोलायची. जावेचं, मेथीचं, लेकीच्या कॉलेजचं, जे सुचेल ते. दादा म्हणायचा, ‘‘हिच्या तोंडाले टोल नाका पाह्यजे.’’ वहिनी म्हणायची, ‘‘म्या गप बसली तर तुमी थेट वरच्या गावाले पोचसान.’’ आम्ही सगळे हसायचो.

त्या दिवशी दादा भर दुपारी दुकानात आला. गाडीतून घरंगळल्यासारखा आवाज येतो म्हणाला, आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. मी पुढच्या डाव्या चाकावर तळहात फिरवला. हाताला कप लागले. एक, दोन, तीन, पूर्ण गोलावर. मी गाडीच्या त्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही चार वेळा डुलली. खाली वाकून बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेल गळून त्यावर धूळ बसली होती, जाड थर.

‘‘शॉकअप गेला तुह्या गाडीचा,’’ मी म्हटलं. ‘‘दोनी बाजूचे बदला लागते. अकोल्याहून आणतो. परवा गाडी ठेवून जाय.’’

‘‘परवा?’’ दादा उडालाच. ‘‘लेका, सांबार उपटून पोत्याखाली ठेवला हाय. मेथीची जुडी बांधून राह्यली तुही वैनी. परवा थो गाईले टाकू काय?’’

पालेभाजीवाल्याचं हे असंच असतं. सोयाबीनवाला पोतं शिवून भावाची वाट बघत बसू शकतो. सांबाराला एक रात्र मिळते. एकदा उपटला की मालक तो असतो, आपण नाही. म्हणून आमच्या भागातल्या भाजीच्या गाड्या कधीच पूर्ण दुरुस्त होत नाहीत. त्या फक्त उद्याच्या बाजारापुरत्या दुरुस्त होतात. आणि आम्ही दुकानदार तेवढ्यापुरतंच करून द्यायला शिकलेलो असतो.

‘‘मंग असं कर,’’ दादाच म्हणाला, ‘‘समोरचे मांगं टाक, मांगचे समोर घे. आवाज तं जाईन.’’

आवाज जातो, हे खरं आहे. कप पडलेला टायर पुढे असला की स्टिअरिंगमधून हातात येतो. मागे टाकला की हाताला काही लागत नाही, कानालाही कमीच. दादाच्या मागच्या टायरांना मधोमध झीज होती, कारण तो माल जास्त भरतो म्हणून हवाही दहा पौंड जास्त मारायचा, आणि परत येताना तीच हवा रिकाम्या गाडीला. पण ते टायर गोल होते, खड्ड्यांचे नव्हते. मी चारही चाकं खोलली आणि फिरवली. अर्ध्या तासाचं काम. माझं मन मला सांगत होतं, की दुखणं जिथल्या तिथं आहे, तू फक्त त्याची खूण उचलून मागे नेतोयस. मी दादाला म्हटलं, ‘‘चार दिवसांत ये. शॉकअप आणून ठेवतो.’’ तो हो म्हणाला.

तो आला नाही आणि मीही शॉकअप आणला नाही.

का आला नसेल, हे मला कळतं. त्याची तक्रारच मी काढून घेतली होती. थरथरत असतं तर तो आला असता. पंधरा-वीस दिवसांनी दोघं हवा भरायला थांबली. वहिनीने गाडीतूनच मेथीच्या दोन जुड्या माझ्या हातात दिल्या. ‘‘भाऊजी, गाडी कशी गप झाली पाहा. तुमच्या हाताले जस हाय.’’ जस म्हणजे यश. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की वैनी, गाडी बरी नाही झाली, मी तिचं तोंड बांधलंय. मी जुड्या घेतल्या आणि हसलो. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर झालेली तारीफ मला गोड लागली.

त्यानंतर दहाव्या की बाराव्या दिवशी कारंज्याहून परत येताना गाडी रस्ता सोडून उजवीकडे गेली आणि बाभळीच्या झाडावर आदळली. डावी बाजू आदळली. त्या बाजूला वहिनी बसली होती. ती जागेवरच गेली. दादाच्या मांडीचं हाड तुटलं, डोक्याला मार लागला, दीड महिना तो अकोल्याला दवाखान्यात होता. चहासाठी थांबलो होतो, एवढंच त्याला आठवत होतं. त्यानंतरचं काहीच नाही.

ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी लोक आठवून देतात. दुपारची वेळ, रिकामी गाडी, सरळ रस्ता, समोरून कोणी नाही, आणि गाडी आपोआप उजवीकडे. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. त्या तुकड्याचं डांबर उखडून नुसती गिट्टी वर आली होती, तिथं खूण कशी दिसणार, पण हा विचार कोणी केला नाही. गाडी तपासायला आलेल्या साहेबाने ब्रेक लागतात, स्टिअरिंग फिरतं, टायरांना नक्षी आहे, एवढं बघितलं आणि गाडीत दोष नाही असं लिहून दिलं. झोप लागली, हे ठरून गेलं.

वहिनीच्या माहेरचे तेराव्याला जेवले नाहीत. जाताना लेकीला सोबत घेऊन गेले. ती वाशीमला कॉलेजात होती, एकोणीस वर्षांची. बाप दवाखान्यात असताना ती एकदा येऊन गेली होती. दाराशी उभी राहिली, बापाच्या तोंडाकडे बघितलं नाही. दादा घरी आला तेव्हा ती मामांकडेच राहिली. फोन उचलत नव्हती.

आणि दादानेही मान्य करून टाकलं होतं. ‘‘मले झोप लागली असन,’’ तो म्हणायचा. कोणी विचारलं नाही तरी म्हणायचा. खाटेवर पाय लांब करून बसायचा आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचा. मळ्यात वांगी पिवळी पडून गेली. पाणी द्यायला कोणी नाही असं नव्हतं, मी माणूस लावत होतो, तो परत पाठवायचा. एकदा मला म्हणाला, ‘‘तिनं आवाज देला असन नं रे मले? म्या उठलोच नसन.’’ मी म्हटलं, असं काही मनात आणू नको. अशा वेळी माणूस किती फालतू बोलतो.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा ती उचलून माझ्याच दुकानामागे आणून टाकली. दुसरीकडे जागा नव्हती. क्रेनने पुढचा भाग उचलून आणली, मी उभा राहून उतरवून घेतली. आठ दिवस मी मागच्या दाराने गेलो नाही. माझ्या पोटात काय होतं, ते मला ठाऊक होतं. दोष नाही असा कागद निघाला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. भावाला अख्खा गाव खुनी म्हणत होता आणि मला बरं वाटलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मागे गेलो. पुढचं उजवं चाक बघितलं. त्याच्यावर तळहाताएवढा सपाट चट्टा होता. नक्षी त्या जागी पार घासून निघालेली, रबरावर गिट्टीचे ओरखडे, सगळे एकाच दिशेचे, चाक जाम होऊन फरफटलं की पडतात तसे.

मी तिथंच चिखलात बसलो.

झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही. एवढा चट्टा पडायला पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला लागतो, आणि दाबून ठेवलेला लागतो.

मग मी पळवाटा शोधल्या, आणि त्या माझ्यासाठी शोधल्या, दादासाठी नाही. गाडी दोन महिने ठाण्यात एका जागी उभी होती, उभ्या गाडीच्या टायरलाही सपाट जागा पडते. पण ती दबून पडते, रबर घासून जात नाही, आणि ती जमिनीला टेकलेल्या बाजूला पडते. हा चट्टा वरच्या बाजूला होता. ओढून आणताना घासला असेल? पुढची चाकं जमिनीला लागलीच नव्हती, मीच बघितलं होतं. आदळताना? झाडाला डावी बाजू लागली, हे उजवं होतं.

मग डावं बघितलं. डाव्यावर एक मोठा चट्टा नव्हता. छोटे तीन होते, अंतरा-अंतरावर. म्हणजे चाक जाम झालं, गिट्टीवर उसळलं, हवेत सुटलं, खाली येताना थोडं फिरलं, पुन्हा जाम झालं. उजव्या चाकाने रस्ता धरला आणि डावं उड्या मारत राहिलं. एक बाजू धरते आणि दुसरी धरत नाही, तेव्हा गाडी धरणाऱ्या बाजूला ओढली जाते. तोंड उजवीकडे वळतं आणि डावं अंग पुढे होतं. त्यातून गाडी रिकामी आणि टायरात हवा भरल्या गाडीची, म्हणजे पकड आणखी कमी. दादाने गाडी उजवीकडे नेली नाही. ती गेली.

डाव्या शॉकअपचा दांडा वाकला होता, पण नळीवरचा तेल-धुळीचा थर तसाच होता. अपघातात गळलेल्या तेलावर एवढी धूळ इतक्यात बसत नाही. आणि मला तर तो थर ओळखीचाच होता. मागच्या डाव्या चाकावर मी हात फिरवला. माझे कप तिथं होते.

गाडीसमोर काय आलं असेल, ते आजही माहीत नाही. त्या पट्ट्यात रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप दिवसाढवळ्या रस्ता ओलांडतात. रोही असेल, कुत्रं असेल.

मी चौदा दिवस गप्प बसलो. गाडी भंगारात द्यायची होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोनदा मी उद्या ये म्हटलं. रोज दादाकडे जायचो, तो रोज तेच म्हणायचा. मी मनाशी हिशेब मांडायचो, की अर्धंच सांगावं. चट्टा दाखवावा, तू ब्रेक मारला होतास म्हणावं, आणि शॉकअपचं नाव काढू नये. दादाला सुटका मिळते, मलाही. इतका हलकट विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

तेवढ्यात पुतणी आईच्या साड्या न्यायला आली. मामा गाडीतच बसून राहिला. ती बापासमोरून आत गेली, बाहेर आली, पिशवी हातात. दादा म्हणाला, ‘‘बाई, चहा तरी घे.’’ ती थांबली नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘‘थांब. तुह्या बापाले झोप नव्हती लागली.’’

मी दोघांना दुकानामागे नेलं. गाडीतून उतरल्यावर मागेपर्यंतची पन्नास पावलं दादाला कुबड्यांवर फार लागली. मी उजवं चाक खोलून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. चट्टा दाखवला. ओरखडे दाखवले. दादाने कुबडी माझ्याकडे दिली, वाकला आणि त्या सपाट जागेवर हात ठेवला.

‘‘म्हंजे म्या ब्रेक मारला.’’

‘‘जोरात मारला. लई जोरात.’’

तो रडायला लागला. दवाखान्यातून आल्यापासून तो रडला नव्हता. पुतणी त्याच्या मागे उभी होती, तिने त्याच्या दंडाला धरलं, पडेल म्हणून असेल. पण सोडलं नाही.

मी तिथंच थांबू शकलो असतो. पण पोरगी शिकलेली. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘मंग काका, गाडी तिकडे कायले गेली?’’

मी सांगितलं. डाव्या टायरचे तीन चट्टे, मेलेला शॉकअप, मागच्या टायरचे कप. ते कप आधी पुढे होते आणि मीच मागे टाकले, हेही सांगितलं. मी बघितलं होतं, मला कळलं होतं, आणि मी चार दिवसांत ये म्हणून सोडून दिलं होतं. वहिनीच्या मेथीच्या जुड्यांचंसुद्धा सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, पण सांगितलं.

पुतणी म्हणाली, ‘‘तुमाले मालूम होतं.’’ तिने ते विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही, आणि मी तिला बोल म्हणून म्हटलेलं नाही. बापाजवळ मात्र ती राहिली. मामाला तिने पिशवीसकट परत पाठवून दिलं, मग पिशवी मागून घेतली.

दादा मला शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. कुबडी उचलून मारेल असंही वाटलं होतं, आणि मारली असती तर मी उभाच राहिलो असतो. तो चाकाशेजारी जमिनीवर बसून होता. किती तरी वेळ तो चट्ट्याकडे बघत राहिला. मग वर बघून, लहानपणी मला काही विचारायचा तशा आवाजात, त्याने विचारलं,

‘‘म्या जागी होतो म्हंजे तुही वैनी बोलून राह्यली असन, नाई का रे?’’

मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

‘‘म्या आजवर मनाले समजावत होतो, दोघाईले संगच डोळा लागला. तिले कळलंच नसन काई.’’ त्याने चट्ट्यावर पुन्हा हात ठेवला. ‘‘आता तिनंई पाह्यलं असन झाड.’’